तिन्ही आकडे एकाच बाजूला

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. देवळालीहून कॉलेजात गेलेली मी आमच्या घरातली पहिलीच मुलगी. वडिलांनी साफ सांगितलं होतं, नापास झालीस की कॉलेज बंद.

आम्हा सगळ्यांना टायट्रेशन होतं. दहा मिलिलिटर ॲसिड घ्यायचं, रंग दाखवणाऱ्या द्रवाचे दोन थेंब टाकायचे, ब्युरेटच्या काचनळीतून त्यात कॉस्टिक सोडा सोडायचा, फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं आणि किती मिलिलिटर सोडा लागला ते लिहायचं. सकाळच्या तुकडीकडून आकडा फुटला होता: दहा पॉइंट दोन. दुपारच्या आमच्या तुकडीने तो पाठच केला. खरं वाटावं म्हणून कुणी दहा पॉइंट एक लिहिलं, कुणी दहा पॉइंट तीन. माझं मात्र तिन्ही वेळा अकरा पॉइंट तीनच्या आसपास आलं.

शेजारची कुजबुजली, "धा पॉइंट दोन लिही. लई शानपना करू नको."

मी ऐकलं नाही. शेतात न जाता पीकपाहणी लिहायला मी काही तलाठी नव्हते.

बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी माझा कागद पाहिला. "एक मिलिलिटरने जास्त. हात स्थिर नाही तुमचा. मुलींचं असंच असतं."

माझं डोकं तडकलं. रागात मला बोलायला बरं सुचतं. "सर, हात अस्थिर असता तर आकडे वरखाली झाले असते. ती रँडम एरर, सरासरी काढली की कमी होते. माझे आकडे एकमेकांना धरून आहेत आणि तिन्ही एकाच बाजूला. शंभरदा केलं तरी सरासरी तिथंच येणार. ही सिस्टिमॅटिक एरर आहे."

"दर वेळी सोडा जास्त सोडत असाल. तीही एकाच बाजूची चूक."

"मग रंग गडद झाला असता. फ्लास्क बघा. दोष बाटलीत असेल."

"बाकीच्यांचं त्याच बाटलीतून बरोबर आलंय."

"त्यांचं मला माहीत नाही. तुम्ही स्वतः करून बघा."

त्यांनी केलं. अकरा पॉइंट तीन. त्यांनी प्रयोगशाळेच्या शिपायाला बोलावलं.

"सकाळची बाटली सपली, म्हनून जुनी दिली," तो म्हणाला. "बूच ढिलं हुतं तिचं."

हवा लागून सोडा कमजोर झाला होता, म्हणून तो जास्त लागत होता. परीक्षकांनी मग बाकीच्यांचे कागद एकेक करून चाळले. सगळ्यांवर दहा पॉइंट दोनच्या आसपास, आणि त्या कमजोर सोड्याने तो आकडा येणंच शक्य नव्हतं.

ताजं द्रावण आलं आणि सगळ्यांना पुन्हा बसवलं, मलाही. शेवटची एस.टी. चुकणार म्हणून पोरी माझ्या नावाने बोटं मोडत होत्या. मोडू देत. माझे तिन्ही आकडे दहा पॉइंट दोनवर आले.

परीक्षक सही करायला आले, तेव्हा मी उजवा हात त्यांच्यासमोर धरला. "बघा सर, स्थिर आहे का."

त्यांनी हाताकडे बघितलं नाही. खाली मान घालून सही केली.