सातांत एक

सोलापुरातल्या एका सहकारी बँकेत मी गुंतवणूक विभागात लागले, तेव्हा त्या विभागात आम्ही दोघंच होतो, मी आणि माझे साहेब. साहेब मूळचे करकंबचे, पण घरात कन्नड, ऑफिसात मराठी आणि आकडे बोलताना इंग्रजी. खूश असले की मला ‘काय गं’ म्हणायचे, रागावले की ‘मॅडम’.

एकदा मुंबईच्या दलालानं एका घरकर्ज कंपनीचे रोखे दाखवले. मुदत तीन वर्षं, परतावा वर्षाला सव्वादहा टक्के. तेवढ्याच मुदतीचे सरकारी रोखे सव्वासात देत होते. मानांकन चांगलं होतं. आमच्या गुंतवणूक समितीतले एक संचालक, टॉवेलच्या कारखान्याचे मालक, अगदी हुरळून गेले होते.

साहेबांनी टिपण मला लिहायला लावलं. “वरचे तीन टक्के कशाचे, एवढंच शोध,” म्हणाले.

मी शोधलं. सरकार बुडणार नाही असं धरलं, तर वरचे तीन टक्के म्हणजे कंपनी बुडण्याच्या धोक्याची भरपाई. बुडालीच तर शंभरातले चाळीस रुपये वसूल होतील, म्हणजे साठ जातील, असं मी धरलं. तीनला शून्य पूर्णांक सहाने भागलं. वर्षाला पाच टक्के. तीन वर्षांत कंपनी बुडण्याची शक्यता साधारण चौदा टक्के, म्हणजे सातांत एक.

समितीत मी हे वाचून दाखवलं. संचालक हसले.

“मॅडम, चाळीसच कसे? घरं तारण हायत की! सत्तर धरा. बघा धोका कसा उतरतोय.”

मलाही ते पटलं. सगळ्यांसमोर लॅपटॉपवर चाळीसच्या जागी सत्तर घातले. पाचाचे दहा झाले. मी परत घातले. परत दहा. वसुली वाढली तर धोका कमी व्हायला हवा ना? मी साहेबांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते. त्यांना उत्तर माहीत होतं, हे मला आजही खात्रीनं वाटतं. पण ते एवढंच म्हणाले, “बोल गं. घाई न्हाय.”

मी मोठ्यानं विचार करायला लागले.

“बाजार शंभरामागे वर्षाला तीन रुपये जादा मागतोय. तो आकडा आपण बदलत नाही. एक कंपनी बुडाली की साठ जात असतील, तर सरासरी तीनचं नुकसान व्हायला शंभरात पाच बुडाव्या लागतात. तीसच जात असतील, तर तेवढ्याच नुकसानीला दहा बुडाव्या लागतील.”

“म्हणजे तारण चांगलं असणं वाईट?” संचालक वैतागले.

“नाही काका. तारण खरंच एवढं भक्कम असतं, तर लोकांनी रोखा महाग घेतला असता आणि वरचं व्याज घटलं असतं. ते घटलेलं नाही. म्हणजे एक तर बाजाराला सत्तर पटत नाहीत, नाहीतर कंपनी बुडायची भीती त्याला आपल्यापेक्षा जास्त वाटतेय.”

‘काका’ तोंडातून कसं गेलं कोण जाणे. पण ते शांत झाले.

मग साहेबांनी तोंड उघडलं. “सगळे तीन टक्के बुडण्याचेच नसत्यात बरं का. रोखा पटकन विकता येत न्हाय, त्याचं थोडं. धोका घ्यायला लोक नाखूश असत्यात, त्याचंही. खरा धोका पाचापेक्षा कमी असंल. पण किती कमी, ते मला सांगता यायचं न्हाय. आणि सांगता येत न्हाय तितं ठेवीदारांचा पैसा मी घालणार न्हाय.”

रोखे घेतले नाहीत. बाहेर येताना साहेबांनी कँटीनमध्ये माझ्यासाठी भजी मागवली आणि त्यातली निम्मी स्वतः खाल्ली.

तीन वर्षांनी संचालकांचा फोन आला. “मॅडम, त्या कंपनीनं पै न् पै दिली की! लई नुकसान केलंत आमचं.” आवाजात हसू होतं, तरी मला लागलं.

साहेब तोवर निवृत्त झाले होते. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, “साहेब, आपण चुकलो.”

त्यांनी आधी विचारलं, “सगळ्यांचे पैसे मिळाले ना?”

“हो.”

“मग लई बरं झालं.” त्यांचा चेहरा खरंच उजळला. “आपण बुडणार म्हणालोच कुटं? सातांत एक म्हणालो. सहा वेळा असंच व्हायचं.”

“मग आपण बरोबर होतो?”

“एका कंपनीवरून ते कधीच कळत न्हाय, काय गं,” म्हणाले, आणि आत वळून बायकोला कन्नडात माझ्या जेवणाचं सांगायला लागले.