एका सीटचा निर्णय

मला थांबता येत नाही. गॅसवर दूध ठेवलं की त्याच्यासमोर उभी राहून मी त्याला घाई करते. शाळेत घंटा वाजायच्या आधीच माझी पिशवी खांद्यावर असते. नवऱ्याचं उलटं. कोळशाच्या खाणीत खाली उतरणारा माणूस, घाई केली तर तिथं जीव जातो, असं तो म्हणतो आणि घरीही तसाच वागतो. एक बूट घालून दुसऱ्याकडे बघत बसेल. पोरगी लहान असताना म्हणायची, तुमच्या दोघांच्या मध्ये मी घड्याळ आहे.

ती पोरगी सैन्यात अधिकारी होणार होती. चेन्नईच्या अकादमीत तिचं प्रशिक्षण संपत आलं होतं. शनिवारी सकाळी परेड, आणि परेडनंतर खांद्यावरचे तारे आई-वडिलांनी लावायचे. एका खांद्यावर मी, दुसऱ्या खांद्यावर तिचे बाबा. फोन त्यांना रविवारीच मिळायचा. त्या शेवटच्या रविवारी तिनं दोनदा बजावलं, "आई, आत यायचे पास शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत गेटवर घ्यायचे. ज्याचा पास त्यानंच यायचं, ओळखपत्र दाखवून सही करायची. पाचनंतर देत नाईत. आणि शनिवारी पासाशिवाय आत सोडत नाईत. कोणाचेच आई-बाबा नाई आले तं तिथल्या मॅडम तारे लावतात." हे शेवटचं वाक्य ती हळू बोलली होती.

तिकिटं तिनंच आपल्या पैशातून काढायला लावली होती. शुक्रवारी दुपारचं विमान, नागपूरहून सरळ चेन्नई, तीनच्या आत उतरणार. बाबांना एकदा विमानात बसवायचंच, हा तिचा हट्ट. आमच्या माजरीच्या बाजूनं दिल्ली-चेन्नईच्या गाड्या रोज जातात. जन्म त्यांचे भोंगे ऐकण्यात गेला, आणि आम्ही निघालो विमानानं! शेजारीपाजारी हसले, मीही हसले, पण मनातून फुगले होते, खोटं कशाला बोलू.

तिकिटं भद्रावतीच्या ऑनलाइनवाल्या भाऊंकडून काढली. झेरॉक्स, सातबारा, शिष्यवृत्तीचे फॉर्म, पीक विमा, सगळ्या तालुक्याची कामं तेच करतात. लोकांचे रिचार्ज संपलेले असतात, नंबर बदललेले असतात, म्हणून भाऊ प्रत्येक ठिकाणी आपलाच नंबर टाकतात. आपलाच ईमेल. ओटीपी त्यांच्याकडे येतो, काम होतं, कोणाला तक्रार नाही. आमच्या तिकिटावरही त्यांनी तेच केलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत भाऊंचा मेसेज आला. हात जोडलेलं चित्र, खाली नवं तिकीट, आणि लिहिलेलं, "विमानाचा टाइम बदलला मॅडम. कंपनीनं इचारलं होतं, मी मंजूर करून टाकलं. काम झालं."

तिकीट मोठं करून पाहिलं. दुपारचं विमान संध्याकाळी सातवर ढकललं होतं. पास पाचला बंद.

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. मुलं अंगणात ओरडत होती, एकीला मी उगाच रागावले, बिचारीनं काही केलं नव्हतं. भाऊंना फोन लावला. "अहो भाऊ, मंजूर काऊन केलं? मले इचारायचं तरी!"

"मॅडम, तीन बटनं होती. मान्य करा, दुसरं विमान घ्या, नाई तं पैसे परत. मले वाटलं मान्य नाई केलं तं तिकीटच जाते. आपल्या इकडच्या योजनेत तसंच असते ना! सहमत नाई दाबलं का फॉर्म बाद."

खरंच तसंच असतं. त्या माणसानं आजवर हजारदा 'सहमत' दाबून लोकांची कामं केली होती. इथंही दाबलं. मला त्यांचा गळा दाबावासा वाटत होता आणि त्याच वेळी त्यांची कीवही येत होती.

मीच विमान कंपनीला फोन लावला. आधी गाणं वाजलं, मग पुन्हा तेच गाणं. शेवटी एक मुलगी बोलली. म्हणाली, तुमचा नंबर या तिकिटावर नाही, ज्या नंबरवर नोंद आहे त्यावरूनच बोला. आणि बदल तर स्वीकारलेला दिसतोय, त्यामुळे लिंक आता बंद झाली. मी म्हटलं, प्रवासी मी आहे, मी नाही स्वीकारलं. ती गोड आवाजात तेच वाक्य पुन्हा म्हणाली. गोड आवाजाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

शाळा सुटली की बस न पाहता ऑटो केला. मधली सुट्टी कंपनीचं गाणं ऐकण्यातच गेली होती. आता नवऱ्याला फोन लावत होते, पण तो त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला, चारलाच खाली उतरलेला. खाली मोबाईल नेता येत नाही. मध्यरात्री वर येईपर्यंत त्याला काही सांगणं नाही, विचारणं नाही. रजा त्याला फक्त शुक्रवार-शनिवारची मिळाली होती, तीही महिनाभर साहेबांच्या मागे लागून. गुरुवारची पाळी बदलायला कोणी तयार नव्हतं. रेल्वेनं निघायचं तर गुरुवारी दुपारीच निघावं लागलं असतं, म्हणून ती वाट त्याच्यासाठी बंदच होती.

भाऊंनी मला पाहिलं आणि खुर्ची पुढं केली. मी बसले नाही. त्यांच्याच फोनवरून स्पीकर लावून पुन्हा कंपनीला फोन. दुकानात सातबाऱ्यासाठी आलेले चार लोक आपलं काम विसरून ऐकत उभे. या वेळी भाऊ बोलले, आणि मला कबूल करायला हवं, चांगलं बोलले. "सर, गलती माझी हाय. यांनी नाई दाबलं, मी दाबलं. विमान तुमी सरकवलं, त्याची सजा यांच्या पोरीले कायले?"

पलीकडचा माणूस वरच्यांना विचारून आला. वेळ बरीच सरकली आहे म्हणून एकदा बदल उघडून देतो म्हणाला, पण एकदाच. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. गुरुवारी हे विमानच नाही. शुक्रवारी सकाळी आहे, हैदराबादला उतरून दुसऱ्यात बसायचं, दुपारी चेन्नई. जादा पैसे लागणार नाहीत.

"द्या, दोन द्या," मी ओरडले.

"मॅडम, एकच सीट दिसतेय."

सातबाऱ्यावाले चौघंही माझ्याकडे बघायला लागले.

दोघांचं तिकीट एकच होतं. ते फोडता येईल, तो म्हणाला. एक जण सकाळच्या विमानात, दुसरा संध्याकाळच्याच विमानात राहील किंवा पूर्ण पैसे परत घेईल. पण एकदा फोडलं की पुन्हा जोडता येणार नाही. आणि सीट धरून ठेवता येत नाही, आत्ता सांगा.

"मले घरी इचारू द्या ना."

"मॅडम, तोवर गेली तर मी काही करू शकणार नाही."

घरी कोणाला विचारणार होते? माझा माणूस त्या वेळी जमिनीखाली, डोक्यावर दिवा, माझ्या नशिबाचं काय चाललंय त्याला पत्ता नाही. आयुष्यभर मी घाईनं निर्णय घेतले आणि त्यानं हळूच ते निस्तरले. आज निस्तरायला कोणी नव्हतं. मी रेल्वेनं जाऊ शकते, गुरुवारी रजा टाकू शकते. तो नाही. एवढंच डोक्यात आलं. तो एकटा कधी नागपूरच्या पुढं गेला नाही, हैदराबादला एवढ्या मोठ्या विमानतळावर कोणाला काही विचारणार नाही, हेही आलं. तरी मी त्याचं नाव सांगितलं. माझे पैसे परत टाका म्हटलं.

भाऊंनी नवीन तिकिटावर माझा नंबर टाकायला लावला. परताव्याचे पैसे त्यांच्या खात्यात येणार होते, कारण तिकीट त्यांच्या खात्यातून निघालं होतं. "आले का तुमच्याकडं टाकतो," ते म्हणाले, आणि टाकलेही. तिथंच माझं रेल्वेचं तिकीट काढलं. वेटिंग.

नवरा घरी आला तेव्हा मी सगळं एका दमात सांगितलं. त्यानं हातपाय धुतले, टॉवेल खुंटीवर टाकला, आणि मग बोलला. मोठ्यानं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याचा आवाज मी इतका चढलेला ऐकला नव्हता.

"पोरीनं दोघाईले तिकीट काढून देल्लं होतं. मी एकटा जाऊ? मले तिथं काय समजते? तुले जरा दम नाई धरवत का?"

"दम धरला असता तं तीही सीट गेली असती!"

"जाऊ देयाची होती!"

"आन् पास?"

त्यानं ताट ओढलं. जेवला, झोपला. तीन दिवस आमच्या घरात कामापुरतं बोलणं झालं. मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, हैदराबादला उतरल्यावर बाहेर जायचं नाही, बाण पाहायचा, नाही समजलं तर विचारायचं. 'विचारायचं'खाली दोन रेघा मारल्या. त्यानं कागद न बघता खिशात टाकला.

माझं वेटिंगचं अर्ध्या सीटचं झालं. एका बाईसोबत पाय दुमडून, कडेला बसून मी बल्लारशाहून चेन्नईला गेले. झोप कसली! शुक्रवारी सकाळी मी उतरले, जिथं-तिथं विचारत अकादमीच्या गेटवर गेले, माझा पास सही करून घेतला. मग सुरू झालं खरं. चेन्नईचं ते ऊन, घाम, आणि रस्त्याकडे लागलेले डोळे. त्याचा फोन बंद. तीन वाजले. चार वाजले. येणाऱ्या प्रत्येक रिक्षात मी वाकून बघत होते. पास देणाऱ्या टेबलाशी बसलेले जवान मला ओळखायला लागले होते, एकानं पाणी दिलं. हैदराबादला तो दुसऱ्याच दारातून बाहेर गेला असेल, मीच त्याला एकटं पाठवलं, माझ्या घाईनंच त्याचा तारा गेला. मी रडत होते आणि कोणाला लाजत नव्हते.

पाचला थोडं कमी असताना रिक्षा थांबली. तो उतरला. नेहमीसारखाच, सावकाश. पैसे मोजून दिले, पिशवी काढली, माझ्याकडे बघून हसला.

"अहो, धावा की!"

तो खरंच धावला. पास मिळाला, सही झाली, मागं टेबल आवरायला सुरुवात झाली. मी त्याच्या खांद्यावर एक चापट मारली. "फोन कायले बंद होता?"

"विमानात बंद करा म्हनले. मंग चालू करायचं राहूनच गेलं."

आम्ही तिथंच फुटपाथवर बसलो. मी विचारलं, सापडलं का हैदराबादला? सापडलं म्हणाला, एका बाईले इचारलं. मग बराच वेळ तो समोरच्या झाडाकडे बघत होता. मी वाट पाहिली. त्या दिवशी मला ते जमलं.

"एकच सीट हाय म्हनले होते ना तुले?" तो म्हणाला. "माह्या बाजूची खालीच होती. कोणी आलंच नाई. एक जन मागून उठून बसाले आला, तं मी त्याले सांगतलं, बायको येऊन राह्यली."