खातं आपलं, नंबर कॅफेवाल्याचा

नेरहून पोटासाठी बाहेर गेलेल्या पोरांनो, रेल्वे तिकिटाचं खातं तुमचं, पैसे तुमचे, आणि किल्ली नेट कॅफेवाल्याच्या खिशात. हे किती दिवस चालवून घेणार?

कापसाचं जिनिंग बंद पडलं आणि शेजारचा सादिक पुण्याला गेला. मागची ईद त्याने तिकडेच काढली. या ईदला घरी यायला उद्या सकाळी त्याची गाडी. आज संध्याकाळी त्याचा फोन आला. "भाऊ, फोन नवा घेतला. पासवर्ड चुकत गेला अन् खातं लॉक झालं. तिकीट काढलं आहे, पण दिसूनच नाही राह्यलं."

नव्या पासवर्डसाठी ओटीपी लागतो, आणि तो खात्यात नोंदवलेल्या मोबाइलवर जातो. खातं उघडून देताना इथल्या कॅफेवाल्या गुड्डूने स्वतःचाच नंबर टाकला होता! तिकिटाचा मेसेजही त्याच्याकडेच गेलेला.

मी कॅफे गाठला.

गुड्डू म्हणाला, "मेसेज डिलीट झाला, भाऊ. नवं तिकीट काढून देतो."

"ईदच्या गर्दीत वेटिंगच भेटन. ओटीपी सांगितल्याशिवाय मी हलत नाही."

"गिऱ्हाइकासमोर तमाशा कायले करता?"

"तमाशा तं तू केला! पोराच्या खात्यात तुहा नंबर काहून?"

मी सादिकला फोन लावला. त्याने तिकडे 'पासवर्ड विसरलो' दाबलं. इकडे गुड्डूचा फोन वाजला. त्याने आकडे सांगितले, मी ते सादिकला कळवले. खातं उघडलं, तिकीट पक्कं होतं. मी फोनवरच ओरडलो, "आधी नंबर बदल!" पुढचा ओटीपी सादिकच्याच मोबाइलवर आला.

आज झोपण्याआधी आपल्या खात्याचं प्रोफाइल उघडा. तिथला नंबर तुमचा नसेल, तर आत्ताच बदला.