शेवटच्या भागाची भीती

सुमनताई साळवे मालिका पाहायच्या त्या पडद्याकडे पाठ करून. पुंडलिकनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात टीव्हीच्या बरोबर खाली एक स्टूल असायचं. भाग सुरू झाला की ताई त्यावर बसायच्या आणि समोर सतरंजीवर बसलेल्या पाच-सहा जणांची तोंडं बघत राहायच्या. मांडीवर वही. कोणी मोबाइल उचलला, कोणी जांभई दिली, कोणी पाय हलवायचा थांबला, की त्या मिनिटाची नोंद. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांची नजर माझ्यावरच होती असं मला वाटलं आणि मला दरदरून घाम फुटला. तसा मी मुळातच भित्रा माणूस. माझं लिहिलेलं कोणी वाचायला घेतलं तरी मी पाणी प्यायला उठतो.

ताई मूळच्या इथल्याच. वडील टेलिफोन खात्यात होते. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्याखाली पुस्तकांच्या चळती. मुंबईत वीस वर्षं त्यांनी मालिकांच्या कथा तपासायचं आणि लिहायचं काम केलं आणि एक दिवस सगळं सोडून घरी परतल्या. का, ते विचारायची माझी छाती नव्हती; पुढे एकदा त्यांनीच सांगितलं. या उन्हाळ्यात त्या वारल्या. आता आणखी काही विचारायला कोणी उरलं नाही, आणि जे कळलं ते सांगायला बहुतेक मीच आहे.

माझी मालिका वेरूळच्या एका गाइडच्या मुलीची होती. बाप सकाळी लेण्यांवर म्हणून निघतो आणि परत येत नाही. मुलगी, वर्षा, त्याला शोधते. मुंबईच्या एका कंपनीनं सांगितलं, आधी पायलट, म्हणजे नमुन्याचा एक भाग, करून दाखवा, मग पुढचं बघू. मी चाळीस मिनिटांचा भाग कसाबसा उभा केला आणि कोणीतरी सांगितलं म्हणून ताईंकडे घेऊन गेलो. त्यांनी शेजारपाजारचे लोक गोळा केले. खालच्या मजल्यावरच्या पवारकाकू, रिक्षावाले शेखभाई, कॉलेजच्या दोन-तीन मुली. भाग संपला. मला वाटलं आता चूक न् चूक निघणार.

ताईंनी लोकांना तीनच गोष्टी विचारल्या. गोष्ट कोणाची? तिला काय पाहिजे? पुढचा भाग आत्ता लावला तर बसाल का?

"बसू की," पवारकाकू म्हणाल्या. "पण पहिली धा मिनिटं नुसती वळख करून द्यायलेत एकमेकांची. तू माझा काका, मी तुझी पुतणी. घरात कोण असं बोलतं, बाबा?"

सगळे गेल्यावर ताई म्हणाल्या, "घाबरू नको. पायलट म्हणजे मुलगी बघायचा कार्यक्रम. संसार कसा होईल ते त्यात कळत नसतं. बघणाऱ्याला एवढंच ठरवायचं असतं की पुन्हा भेटायचं का नाय. कंपनी पण तेच बघते. ही दुनिया कोणती, माणसं कशी, सूर कोणता, आणि याच्यातून आठ-दहा भाग निघतील का. बाकी चुका माफ असतात. तुझा काका लाकडासारखा बोलतोय, त्याला बदल आणि तेवढे प्रसंग परत शूट कर. लई जण करतात."

"आणि कंपनीनं नाही म्हटलं तर?"

"तर हा भाग कोणालाच दिसणार नाय. पायलट कित्येक असे डब्यात राहतात. दिसलाच पाहिजे असा नेम नाय त्याचा."

हे ऐकून मला झोप लागणं शक्यच नव्हतं. तीन आठवडे फोन वाजला की मी दुसऱ्या कोणाला तरी उचलायला लावायचो. शेवटी होकार आला. काका बदलला, सुरुवातीची ओळखपरेड कापली आणि तोच पायलट पहिल्या सीझनचा पहिला भाग म्हणून लोकांपर्यंत गेला. त्यामुळे माझा एक घोटाळा झाला. मला वाटलं, पायलट काय आणि सीझन उघडणारा प्रीमियर काय, पहिला भाग तो पहिला भाग.

पहिला सीझन आम्ही अशा जागी तोडला होता की वर्षाचा फोन वाजतो आणि पडद्यावर बापाचा नंबर दिसतो. लोकांनी वर्षभर वाट पाहिली. दुसऱ्या सीझनचा प्रीमियर लिहायला बसलो तेव्हा मी पुन्हा लेणी दाखवली, पुन्हा घर, बापाचा खुंटीवरचा रिकामा सदरा, वर्षाचा स्वभाव. फोन उचलायला बाविसावं मिनिट आणलं. ताईंच्या घरी दाखवला तेव्हा सातव्या मिनिटाला शेखभाईंनी मोबाइल काढला.

"ये सब मालूम है ना हमकू," ते कुरकुरले. "फोन पे कौन था वो बोलो."

ताई वही मिटून माझ्याकडे वळल्या. मला वाटलं आता जमीन दुभंगली तर बरं.

"अरे निखिल, तू परत पायलट लिहिलास. पायलट एकदाच असतो. प्रीमियर दर सीझनला असतो, आणि त्याला बघायला येणारा परका नसतो. त्याच्याकडं तुझं देणं असतं. कुठं सोडलं होतंस मला? तिथून उचल. त्याचं उत्तर पहिल्या पाच मिनिटात दे आणि लगेच नवीन, मोठा प्रश्न टाक. नव्या माणसासाठी मागच्या सीझनचं मिनिटभर लावलं की झालं. कंपनीवाले काय मोजतील माहितीये? मागचा सीझन पुरा बघितलेले किती परत आले आणि पहिल्या भागावरून दुसऱ्यावर किती गेले. तुझा भाग मागच्या शेवटाशी जोखला जाईल, कोऱ्या पाटीवर नाय."

मी तो नव्याने लिहिला. फोन पहिल्याच मिनिटाला उचलला. पलीकडे जुन्या मोबाइलच्या बाजारातून तो हँडसेट आतल्या सिमसकट घेतलेला कोणी अनोळखी माणूस होता. प्रीमियर तरला.

दुसऱ्या सीझनचा शेवट आम्ही उघडाच ठेवला होता. वर्षाला परगावचा एक पत्ता मिळतो, ती बसमध्ये चढते, बस सुटते. भाग तयार झाला, आणि औरंगपुऱ्यातल्या आमच्या एडिटिंगच्या खोलीत मी बसलो असताना कंपनीचा फोन आला. तिसरा सीझन होणार नाही. आकडे पुरेसे नाहीत. हाच शेवटचा भाग.

रिक्षानं ताईंकडे गेलो. मला वाटलं त्या धीर देतील. पण बातमी ऐकताच त्या खाली बसल्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मोठ्या माणसाला असं घाबरलेलं पाहिलं की लहान मुलाला जसं वाटतं, तसं मला वाटलं.

त्या दिवशी त्यांनी मुंबई का सोडली ते सांगितलं. सहा वर्षं चाललेल्या एका मालिकेचा शेवट त्यांनी लिहिला होता. वरून हुकूम आला की सगळं नायिकेचं स्वप्न होतं असं दाखवा. ताईंनी भीतीपोटी तसं लिहिलं.

"माझी आई इथं याच खोलीत बघत होती. सहा वर्षं रोज. भाग संपला आणि मला फोन केला. म्हणली, सुमे, मग मी रडले ते काहून गं? एवढंच. परत कधी माझं काम बघितलं नाय तिनं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "पायलट चुकला तर दुरुस्त होतो. प्रीमियर चुकला तर पुढचा भाग असतो सावरायला. सीझनचा शेवट दार उघडं ठेवू शकतो, कारण पुढं खोली आहे. मालिकेच्या शेवटापुढं काहीच नसतं. तो एकटा जोखलाच जात नाय. पहिल्या दिवसापासून जे जे कबूल केलं ते सगळं त्याच्यावर येऊन पडतं. तो फसला तर लोकांना मागचं चांगलं पण खोटं वाटायला लागतं. ही बस अशी सोडून देऊ नको, बाळा."

आम्ही कंपनीच्या हातापाया पडून दोन दिवसांचं शूटिंग मिळवलं. नवा शेवट ताईंनी आणि मी मिळून लिहिला. वर्षा बसमधून उतरते, त्या गावच्या पोलीस ठाण्यात पोचते. दोन वर्षांपूर्वी रस्त्यावर मेलेल्या एका बेवारस माणसाच्या वस्तूंमध्ये तिला बापाचा चष्मा मिळतो. ती घरी येते. बाप परत आला तर बाहेर राहू नये म्हणून दोन वर्षं तिनं घराला कुलूप लावलेलं नसतं. ती कुलूप लावते आणि लेण्यांवर गाइडच्या कामाला जाते. संपलं.

शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी कंपनीच्या साहेबांचा फोन आला. शेवटी फक्त दोन सेकंद टाका. एका पुरुषाचा हात त्या कुलपावर येतो. बस. उद्या चाललंच तर तिसऱ्या सीझनची सोय राहील, तुमचंच भलं आहे.

मी हो म्हणालो. पुढचं काम जाईल या भीतीनं म्हणालो, दुसरं कारण नाही. तो हात शूट केला, भागाला जोडला आणि ताईंना सांगितलं नाही. त्यांच्यासमोर बोलायची भीती वेगळीच.

ताईंच्या घरी शेवटचा भाग लावला तो रविवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. ताई स्टुलावर, पडद्याकडे पाठ करून. चष्म्याच्या प्रसंगाला पवारकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. शेखभाई मान खाली घालून बसले. वर्षानं कुलूप लावलं तशी काकूंनी एक मोठा श्वास सोडला आणि ताईंनी वही मिटली. त्यांच्या हिशेबानं भाग संपला होता. मग ते दोन सेकंद आले. काकू गुडघ्यांवर उठल्या. त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"आला! आला ना बाप? जिता हाय व्हय?"

ताईंनी पडद्यावरचं काहीच पाहिलं नव्हतं. पण काकूंच्या तोंडावर जे आलं ते आम्ही लिहिलेल्या शेवटातून येऊच शकत नव्हतं, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. त्यांनी हळूच माझ्याकडे मान वळवली.

लोक गेल्यावर मला वाटलं त्या रागावतील. रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं.

"शेवटी काय टाकलंस, निखिल?"

मी सांगितलं.

"म्हणजे तो मेलाय पण, आणि नाय पण," त्या म्हणाल्या. "काकू आता घरी जाऊन वाट बघतील. पुढचं कोणी करणार हाय का? नाय. मला लई भीती वाटायली रे. मी शहाणी म्हणून सांगत नाय. मी पण घाबरूनच लिहिलं होतं ना. ठेवायचं का काढायचं ते तू ठरव, नाव तुझं हाय त्याच्यावर."

मी जिन्यात जाऊन बसलो. साहेबांचा नंबर काढला, बंद केला, परत काढला. खाली पवारकाकू कोणाला तरी मोठ्यानं सांगत होत्या की वर्षाचा बाप परत आला म्हणून. ते ऐकत मी फोन लावला. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, तो हात काढतो म्हणालो एवढं आठवतं. साहेब आधी हसले, मग आवाज बदलला. मग म्हणाले, ठीक आहे, काढा, पण पुन्हा आमच्याकडे काही घेऊन येऊ नका.

वर आलो तेव्हा ताई दारातच उभ्या होत्या.

"काय म्हणले?"

"पुन्हा येऊ नका म्हणाले."

"आणि तू काय म्हणलास?"

"मी म्हणालो, तिचा बाप मेलाय, साहेब." मी जिन्याकडे वळलो. "आता खाली जाऊन पवारकाकूंना पण सांगायचंय."

ताईंनी चपला पायात सरकवल्या आणि माझ्या आधी जिना उतरायला लागल्या.