दगडावरचा MCMIL

नगरच्या मुलींच्या शाळेत मी गणित शिकवत होते. अजून कायम झाले नव्हते. १९४९ साली नवा वर्ग बांधून झाला आणि दारावरच्या दगडावर साल रोमन आकड्यांत कोरायचं ठरलं. तो हट्ट शाळेच्या अध्यक्षांचा. ते वकील होते. मजकूर त्यांनीच लिहून धाडला, आणि तो तपासून पाथरवटाकडे द्यायला मोठ्या बाईंनी मला सांगितलं. कागदावर होतं : MCMIL.

मी तो परत घेऊन गेले.

"M म्हणजे हजार, CM नऊशे, पन्नासातून एक गेला की एकोणपन्नास," वकीलसाहेब म्हणाले. "बेरीज चुकते का?"

"बेरीज नाही चुकत, लिहिणं चुकतं. I फक्त V आणि X च्या आधी येतो, L च्या आधी नाही. चाळीसचा XL, नऊचा IX. MCMXLIX."

"वाचणाऱ्याला साल कळलं की झालं."

"मागच्याच आठवड्यात IL लिहिलेल्या मुलींना मी शून्य दिलंय. आता तेच दारावर कसं लावू?"

"तुमची नेमणूक कायम व्हायची आहे ना, बाई?"

"व्हायची आहे. पण हे माझ्या हातून जाणार नाही."

कागद त्यांच्या टेबलावर ठेवून मी निघाले. त्यांनी तो गड्याकरवी पाथरवटाकडे पाठवला आणि दगड तसाच बसला.

उद्घाटनानंतर मी सातवीचा वर्ग त्या दगडाखाली उभा केला. पाटीवर आधी हा आकडा वाचून साध्या अंकांत लिहा, म्हटलं. सगळ्यांनी १९४९ लिहिलं. मग तेच १९४९ पुन्हा रोमनमध्ये लिहा, मोठ्या गटापासून : हजार, नऊशे, चाळीस, नऊ. पाट्यांवर MCMXLIX आलं.

"दगडाशी जुळत नाही, बाई," एक मुलगी म्हणाली.

"मग दगडावरचं काय करायचं?"

"नापास," ती म्हणाली. "वाचता येतं, पण परत लिहिल्यावर तेच यायला हवं."

मग आम्ही IIII, VV, XXC यांनाही त्याच चाळणीत घातलं. एकही टिकलं नाही. का टिकलं नाही, हे प्रत्येकीला सांगावं लागे : एक अक्षर तीनदाच, V दोनदा नाही, शंभरातून वीस वजा होत नाहीत.

मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. "वर्ग आतच घ्या. अध्यक्षांच्या कानावर गेलंय."

"त्यांच्या कानावर MCMXLIX जाईपर्यंत बाहेरच घेईन," मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "निदान डोक्यावर पदर घ्या, ऊन लई हाय." माझ्या देखत त्या अशा गावाकडच्या बोलीत कधी बोलल्या नव्हत्या.

कायमची ऑर्डर मला वर्षभर उशिरा मिळाली. दगड कुणी बदलला नाही. मी शाळेत होते तोवर दर वर्षी सातवीच्या मुलींनी त्याला नापास केलं.