अर्ध्यावर थांबलेला काटा

रत्नागिरीजवळच्या सड्यावर, उघड्या कातळपठारावर, आमचा केमिकलचा कारखाना होता. ऐंशीच्या दशकात मी तिथे कंट्रोल रूममध्ये पॅनेल ऑपरेटर होतो. कातडी-डोळे जाळणाऱ्या कॉस्टिक सोड्याच्या उंच टाकीवर पातळी मोजणारा ट्रान्समीटर बसवला होता. त्याच्यापासून पॅनेलपर्यंत दोनच वायरी. त्यांतूनच त्याला वीज मिळायची आणि त्यांतूनच तो पातळी कळवायचा. टाकी रिकामी असेल तर चार मिलिअँपिअर, भरली की वीस. रिकाम्या टाकीलाही चार असायचे, त्यामुळे करंट शून्यावर आला की वायर तुटली हे ओळखता येई. तेव्हा काटा शून्याच्याही खाली जाई आणि भोंगा वाजे. भोंगा वाजला की पंप बंद करायचा, असा नियम.

त्या पावसाळ्यात खाऱ्या वाऱ्याने टाकीवरची जोडणी गंजली. भोंगा सारखा वाजे, टँकर अडकून पडत. ही मोजणारी यंत्रं सांभाळणाऱ्या आमच्या इन्स्ट्रुमेंट विभागाच्या साहेबांना वरून बोलणी बसत.

एका सकाळी ड्यूटीवर आलो तर सगळं शांत. काटा बरोबर अर्ध्यावर. "दुरुस्त झालंय," साहेब म्हणाले. टँकर लागला, तो टाकीत रिकामा करायला पंप सुरू केला. बराच वेळ झाला तरी काटा हलेना. मी फोन केला.

"साहेब, काटा जागचा हलत नाही. पंप बंद करू?"

"खबरदार! पंप जुना आहे, हळू भरतो. तुझं काम बघायचं, बंद करायचं नाही."

थोड्या वेळाने बाहेरून किंकाळी आली. टाकी वरून ओसंडत होती, आणि खाली व्हॉल्व्हपाशी पूर्णगडकडचा आमचा हेल्पर दोन्ही हातांनी डोळे दाबून लोळत होता. मी पंप बंद करून धावलो. मी त्याला नळाच्या पाण्याखाली धरलं असतानाच भोंगा सुरू झाला.

मी परत आलो तेव्हा पॅनेलचं मागचं दार उघडं होतं. ट्रान्समीटरच्या वायरी काढून त्या जागी साहेबांनी एक रेझिस्टर लावला होता, अर्ध्या टाकीएवढा करंट कायम वाहील असा. तो आता त्यांच्या मुठीत होता. जागेवर परत जोडलेल्या वायरी टाकीपाशी तुटलेल्याच होत्या, म्हणून आता भोंगा वाजत होता. माझ्यादेखत त्यांनी मूठ खिशात घातली.

चौकशीत ते म्हणाले, "भोंगा वाजत होता. याने पंप चालूच ठेवला."

मी रेझिस्टरचं सांगितलं. कोणी पाहिला होता? फोनचं सांगितलं. कोणी ऐकला होता? मग डोळ्यांना पट्ट्या बांधलेल्या हेल्परला विचारलं, "भोंगा ऐकलास?"

"व्हय. वाजत व्हता."

कधी, हे त्याला कोणी विचारलं नाही. मी विचारू लागलो तर मला गप्प बसवलं. माझी नोकरी गेली.

महिन्याभराने मी त्याच्या घरी गेलो. दोन्ही डोळे गेले होते. मी सगळं सांगितलं. भोंगा नंतर वाजला, तुला पाण्याखाली धरलं तेव्हा.

तो ओटीवर बसून ऐकत राहिला. मग म्हणाला, "डोले गेले माजे, कान नाय गेले. माज्या कानांनी ऐकलाय मी भोंगा."

आणि बायकोला हाक मारून म्हणाला, "ह्याला वाटेला लाव."