मामीच्या डॉक्टरांना गेलेली दोन पत्रं

बाळांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्या आईनं मोठ्या कौतुकानं सांगितलं, "मामीच्या डॉक्टरांना आजीनं इंग्रजीत असं फर्मास पत्र लिहिलं, की त्यावरूनच सगळं निदान झालं." तुम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले, पण फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. कारण ते खरं नाही. घरात एखादी गोष्ट एकदा चुकीची सांगितली गेली की तशीच पुढे चालत राहते, आणि तुम्ही तर इतक्या लांब. म्हणून आजच लिहायला बसले. मामीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिहा की, आई. पण लिहायचं तर सगळं लिहा." तुम्ही एकोणीस आणि सोळा वर्षांचे आहात, पाळी आणि गोळ्या हे शब्द वाचून लाजण्याचं वय गेलं. मी तर सत्तरीत आहे, माझं कधीच गेलंय.

तर झालं असं. लग्नाला तीन वर्षं झाल्यावर मामा-मामीनं मूल हवं असं ठरवलं आणि मामीनं पाळणा लांबवायच्या गोळ्या बंद केल्या. आठ महिने होत आले तरी काही नाही, आणि पाळीचा तर पत्ताच नाही. कधी सहा आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी. मामी एकतीस वर्षांची. वाघोलीच्या कॉलेजात साठ-साठ पोरांना गणित शिकवते, पण विश्रांतवाडीतल्या त्या डॉक्टर मॅडमसमोर बसली की तिची वाचा जायची. पहिल्या खेपेला ती आत गेली, "पाळी जरा मागेपुढे होते" एवढंच बोलली आणि बाहेर आली. मॅडमच्या दारावर पाटी आहे: "प्रश्न लिहून आणावेत. नातेवाइकांचे प्रश्न नातेवाइकांना विचारावेत."

त्या पाटीचं ऐकून मला स्फुरणच चढलं. सरकारी कार्यालयात एकतीस वर्षं मी पत्रव्यवहाराचं टेबल सांभाळलं. माझ्या मसुद्यात साहेब स्वल्पविराम बदलायला धजत नसत. मी म्हटलं, "तू फक्त तारखा सांग. पत्र माझ्याकडे लागलं."

रविवारी सकाळी आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो. ती मटार सोलत होती, मी लिहीत होते. तुमचे आजोबा पेपरामागून म्हणाले, "मी इथे नाही असं समजा," आणि पेपर आणखी वर धरला.

"गोळ्या कधीपासून?" मी विचारलं.

तिनं एक शेंग उगाच दोनदा चाचपली. "लग्न झाल्यापासून लिहा."

मी लिहिलं. मोबाइलमधल्या तारखा ती वाचत गेली आणि मी दिवस मोजले. चव्वेचाळीस, एकसष्ट, एकोणचाळीस, अठ्ठावन्न. विषय, परिच्छेद, क्रमांक, सगळं जागच्या जागी. शेवटच्या परिच्छेदात मी प्रश्न विचारला होता: गोळ्यांमुळे पाळी बिघडली आहे काय, आणि गर्भधारणेची शक्यता किती टक्के? मामाला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "आई, हे वाचून डॉक्टर तिला बढती देतील."

मी पत्र टाइप केलं, दोन प्रती काढल्या आणि मीच तिच्याबरोबर गेले. खरं सांगते, लग्नाला निघाल्यासारखी निघाले होते. इस्त्रीची साडी, हातात फाइल.

मॅडम साधारण पन्नाशीच्या, बारीक चष्मा, आवाज खणखणीत. पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग पेन घेऊन पहिली तारीख खोडली. "गोळ्या थांबवल्यावर चार दिवसांत जो रक्तस्राव झाला, ती खरी पाळी नव्हे. गोळ्या थांबल्या की तो होतोच. ती ओळ धरायची नाही." माझ्या टंकलिखित कागदावर काट!

"आणि टक्के," त्या म्हणाल्या, "दहावीच्या निकालात बघायचे. मला एक सांगा. गोळ्या सुरू करण्याआधी पाळी कशी होती?"

मी पत्राकडे बघितलं. परिच्छेद एक ते सहा. आधीचं काहीच नव्हतं. मला तो प्रश्न सुचलाच नव्हता. मामी मान खाली घालून बसली होती, म्हणून मीच बोलले, "व्यवस्थितच असणार की. एकदम ठणठणीत मुलगी आहे."

"मी तुम्हाला विचारलं का?" मॅडम म्हणाल्या. मग जरा हळू, "तुम्ही बाहेर बसता का? बाकावर पंखा चांगला आहे."

मी बाहेर बसले. पंखा चांगला होता. फाइल मांडीवर घेऊन मी वीस मिनिटं त्या पाटीकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, असं काय आहे जे माझ्यासमोर सांगता येत नाही?

रिक्षात तिनं सांगितलं. डोळे बाहेर रस्त्यावर ठेवून. "आई, एक सांगायचंय. रागावू नका. मी गोळ्या बाविसाव्या वर्षापासून घेत होते. कॉलेजात असताना मला तीन-तीन, चार-चार महिने पाळी यायचीच नाही. तोंडभर मुरुमं. तेव्हा डॉक्टरांनी दिल्या. गोळ्यांवर सगळं महिन्याच्या महिन्याला यायला लागलं, म्हणून कोणी पुढे काही बघितलंच नाही. लग्न ठरताना माझी आई म्हणाली, सासरी बोलू नकोस, खोट काढतील."

"तुझ्या आईनं मला कधी—"

"तुम्हीच विचारलं होतं ना, बघायला आला होतात तेव्हा? 'तब्येतीचं काही नाही ना?' आई घाबरली. म्हणाली, एकदम ठणठणीत."

तो शब्द कुठून माझ्या तोंडी आला होता, ते मला रिक्षात कळलं. बाळांनो, आमच्या घरात पाळीला बाजूला बसणं माझ्या सासूबाईंनीच मोडलं. बुद्धविहारातल्या बायकांना ती गोष्ट मी कितीदा अभिमानानं सांगितली असेल. पण 'तब्येतीचं काही नाही ना?' हा प्रश्न मीच एका मुलीच्या आईला परीक्षकासारखा विचारून आले होते, आणि पोहे खाऊन तो विसरूनही गेले होते. मामीनं त्याचं खरं उत्तर जवळजवळ चार वर्षं गिळून ठेवलं. माझ्यासमोर मटार सोलतानासुद्धा.

मी म्हटलं, "पत्र परत लिहू."

"लिहू," ती म्हणाली. "आत मला अर्धंच बोलता आलं, बाकीचं मॅडमनी लिहून आणायला सांगितलंय. पण मी लिहीन."

त्या संध्याकाळी तिनं दार लावून लिहिलं. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, वहीची फाडलेली दोन पानं. मग बाहेर येऊन माझ्यापुढे धरली. "वाचा. पण दुरुस्त्या नकोत." मी हात मागे बांधून वाचलं. विषय नव्हता, क्रमांक नव्हते. बाविसाव्या वर्षापासूनचं सगळं होतं. हनुवटीवर केस येतात तेही होतं. आणि शेवटी होतं: "मला आई होता येईल का? माझ्या लपवण्यामुळे उशीर तर झाला नाही ना? मला भीती वाटते." मी पानं परत दिली आणि चहा टाकला. दुसरं काय करणार?

पुढच्या भेटीत मी बाहेरच थांबणार होते. मामीनंच हात धरून आत नेलं. मॅडमनी ते पत्र वाचलं आणि चष्मा काढला. "हे पत्र. आधीचं टिपण होतं." मला लागलं, पण बाई खरं बोलत होत्या.

पहिल्या भेटीत त्यांनी लिहून दिलेल्या तपासण्यांचे कागद त्यांच्यापुढेच होते. थायरॉइड ठीक, बाकी रक्त ठीक. मामाची तपासणीही ठीक. (त्याची तपासणी म्हटल्यावर तो दोन दिवस घरात चोरासारखा वावरला होता, हेही लिहायला मामीनं सांगितलंय.) सोनोग्राफीत अंडाशयात बारीक बारीक पुष्कळ बीजं दिसली होती. त्यातलं एकही नेमानं मोठं होऊन बाहेर पडत नव्हतं. पीसीओएस, तुम्ही हे नाव ऐकलं असेल.

"गोळ्यांनी पाळी बिघडवली नाही," मॅडम म्हणाल्या. "आधीच अनियमित होती, गोळ्यांनी ती झाकून ठेवली. झाकण काढलं, जुनं दिसलं. गोळ्यांमुळे मूल होणार नाही, असं काही नसतं. नियमित पाळी असती तर एवढ्यात मी घरी पाठवलं असतं, वर्षभर वाट बघा म्हणून. इथे बीज कधी सुटतं तेच कळत नाही, म्हणून वाट बघत नाही. ते सुटायला औषध आहे. खात्री देत नाही. पण तुमच्यासारख्या पुष्कळ बायका इथून बाळ घेऊन गेल्यात."

मामीनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

मग सुरू झाले ते दिवस! पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस गोळी, रोज फॉलिक ॲसिड, रोज चालणं. आणि दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफी, बीज किती वाढलं ते बघायला. मामी कॉलेजला जाण्याआधी दवाखान्यात जायची आणि तिथून मला आकडा पाठवायची. बारा मिलिमीटर. पंधरा. एकोणीस! आजोबा पेपरामागून विचारायचे, "आज कितीवर?" क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं. एके सकाळी मेसेज आला, "सुटलं!" आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजायचं विसरले.

त्या महिन्यात दिवस राहिले नाहीत. पण कसं सांगू तुम्हाला, तिसाव्या दिवशी ती न्हाणीघरातून बाहेर आली. डोळ्यांत पाणी, आणि ओठांवर हसू. "आई, आली. तिसाव्या दिवशी! नऊ वर्षांत पहिल्यांदा, पाळी आणणाऱ्या गोळ्यांशिवाय, वेळेवर!" वाईट वाटायचं ते वाटलंच. तरी मी शिरा केला. मामा म्हणाला, "पाळी आली म्हणून शिरा करणारं पुण्यात आपलंच घर असेल." खाल्ला मात्र दोनदा.

दुसऱ्या महिन्यात बीजच वाढलं नाही. मॅडमनी औषधाची मात्रा वाढवली. ते दिवस जड गेले. मामी चालायला जाईना, मी मागे लागले नाही. तिसऱ्या महिन्यात पुन्हा सुटलं, आणि एकतीस दिवस झाले, बत्तीस झाले. तेहतिसाव्या दिवशी सकाळी मामीनं मला तिच्या खोलीत बोलावलं. मामा पलंगावर डोकं धरून बसला होता. तिच्या हातात ती पट्टी. दोन रेघा.

"आई, दुसरी जरा फिकी आहे, नाही का?"

"फिकी असली तरी रेघ आहे," मी म्हटलं. चष्मा न लावता म्हटलं, पण बरोबर निघालं.

आता पाचवा महिना लागलाय. परवा मॅडमना मी विचारलं, आता किती टक्के? त्या म्हणाल्या, "तुम्ही सुधारणार नाही." आणि हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

तर निदान माझ्या पत्रावरून झालं नाही. मामीच्या पत्रावरून झालं. ती दोन पानं मॅडमनी तिच्या केसपेपरला टाचून ठेवली आहेत. माझं टाइप केलेलं पत्र त्यांनी परत दिलं होतं. त्याच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर मामीनं सोनोग्राफीच्या तारखा आणि आकडे लिहिले. ते माझ्या कपाटात आहे.